पिवळा फेटा की हॅट? नातवाच्या पोस्टरवरून झालेला वाद

ग्वाल्हेरच्या जुन्या आठवणी मी इथे अधूनमधून लिहीत असतो. आज आठवण थोडी आणि मत जास्त आहे. पटलं नाही तर खुशाल सांगा.

माझा नातू आठवीत आहे. १५ ऑगस्टच्या शाळेच्या नाटकात त्याला भगतसिंगांचं काम मिळालं. नाटकाच्या पोस्टरवर त्याचाच फोटो येणार, म्हणून शाळेकडून यादी आली: पिवळा फेटा, पिळदार मिशा, हातात पिस्तूल. सूनबाई लगेच बाड्यावर जाऊन पिवळं कापड घेऊन आली. मी कापड पाहिलं आणि म्हणालो, "अगं, थांब जरा. आधी मूळ फोटो बघू या."

इथे माझीच एक गोष्ट कबूल करायला हवी. १९६३ च्या सुमारास लष्करातल्या आमच्या गल्लीच्या गणपतीत मीही भगतसिंग झालो होतो. डोक्यावर आईच्या जुन्या लुगड्याचा पिवळा फेटा, काजळाच्या मिशा आणि कमरेला लाकडी पिस्तूल. तो फोटो अजून आमच्या कपाटात आहे. नातवाने तो पाहिला होता, म्हणून त्याचा प्रश्न बरोबरच होता: "आजोबा, तुम्ही घातला होता, मग मी का नाही?"

मी त्याला म्हटलं, तेव्हा मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. बँकेत चाळीस वर्षांच्या आसपास काढली. तिथे सवय एकच लागली, व्हाउचर नसेल तर नोंद करायची नाही. चेकवरची सही बरोबर वाटते म्हणून पैसे देत नाहीत, नमुना सहीचं कार्ड काढून शेजारी ठेवून बघतात. भगतसिंगांच्या बाबतीत असे नमुने म्हणजे अस्सल फोटो फारच थोडे आहेत, सर्वसाधारणपणे चारच सांगितले जातात. एक लहानपणीचा. दुसरा लाहोरच्या नॅशनल कॉलेजातल्या नाटक मंडळींबरोबरचा, त्यात डोक्याला फेटा आहे. तिसरा १९२७ मधला, पोलिसांच्या ताब्यात असताना खाटेवर बसलेला, केस मोकळे. आणि चौथा तो सर्वांना माहीत असलेला, हॅटमधला.

या चौथ्या फोटोची गोष्ट नातवाला सांगितली तेव्हा तो मोबाइल खाली ठेवून ऐकायला लागला. हा फोटो एप्रिल १९२९ मध्ये दिल्लीत काश्मिरी गेटच्या एका स्टुडिओत काढून घेतलेला आहे. ८ एप्रिलला असेंब्लीत बॉम्ब टाकायचा, पळून जायचं नाही, अटक करून घ्यायची, हे ठरलेलं होतं. आपण आत गेल्यावर वर्तमानपत्रांना छापायला चेहरा मिळावा म्हणून आधीच फोटो. म्हणजे तो काही हौसेचा फोटो नव्हे. एकवीस वर्षांच्या पोराने आपल्या पाठीमागे काय दिसावं हे स्वतः ठरवून ठेवलं होतं. त्या फोटोत पिस्तूल नाही, फेटा नाही. बारीक मिशी, साधा कॉलरचा शर्ट आणि हॅट.

हॅटला कारण आहे. १९२८ मध्ये त्यांनी केस कापले, दाढी काढली. डिसेंबरात सॉन्डर्सच्या वधानंतर लाहोरहून निसटताना ते साहेबी वेषात होते. बरोबर दुर्गादेवी व्होरा पत्नी म्हणून, त्यांचा लहान मुलगा, आणि नोकराच्या वेषात आपले खेडचे राजगुरू. म्हणजे मराठी माणूसही त्या हॅटच्या गोष्टीत आहेच.

मग पिवळा रंग आला कुठून? फोटो सगळे काळे-पांढरे. त्यातून कुठल्याच कापडाचा रंग कळत नाही. पिवळा फेटा हा चित्रकारांचा, कॅलेंडरवाल्यांचा आणि सिनेमाचा. मला त्यात वाईट हेतू दिसत नाही, पण माझ्या मते ते व्हाउचरशिवायची नोंद आहे.

आमचे शेजारी सरदारजी माझ्याच वयाचे. त्यांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "साब, पगडी भी तो उनकी थी." बरोबर आहे. कॉलेजचा फोटो आहेच. म्हणून माझं म्हणणं फेटा खोटा असं नाही. प्रसंग कुठला ते बघा. नाटक लाहोरच्या कॉलेजातलं असेल तर फेटा, असेंब्लीचं असेल तर हॅट. आमच्या नाटकाचा शेवट असेंब्लीत होता, म्हणून हॅट. हे सरदारजींनाही पटलं.

शाळेतल्या बाईंना भेटलो तेव्हा त्या आधी नाराज झाल्या. "काका, हॅट घातली तर मुलांना ओळखूच येणार नाही हो." मी म्हटलं, मूळ फोटोसारखाच काढला तर येईल, मला एक दिवस द्या.

मग गच्चीवर फोटो काढला, सकाळी, सावलीत. पहिले पाच-सहा वाया गेले. हॅटच्या काठाची सावली डोळ्यांवर पडत होती आणि मूळ फोटोत तर डोळेच बोलतात. छातीच्या उंचीवर पांढरं थर्माकोल धरलं, उजेड खालून परतला आणि डोळे दिसले. मोबाइल जवळ धरला की नाक मोठं येतं, म्हणून सहा-सात फूट मागे जाऊन झूम केलं. हॅट मोठ्या माणसाची, ती कानावर उतरत होती, तर आतल्या पट्टीत वर्तमानपत्राची घडी घातली आणि किंचित तिरकी केली. मिशी चिकटवली नाही. भुवयांच्या पेन्सिलीने बारीक बारीक रेघा ओढल्या. काजळाचा जाड पट्टा लांबून नकली दिसतो, हे मला १९६३ च्या फोटोवरून ठाऊक होतं! शेवटी मूळ फोटो शेजारी ठेवून हनुवटी आणि नजर जुळवली, अगदी सही जुळवतात तशी. पोस्टर काळं-पांढरंच ठेवलं, म्हणजे रंगाचा प्रश्नच मिटला.

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसलो. पोस्टरवर ठळक अक्षरांत 'भगतसिंगांच्या भूमिकेत' असं आणि खाली नाटकाचं नाव व साल. बाई म्हणाल्या, एवढं कशाला? कारण असे वेषातले फोटो पुढे मोबाइलवर फिरतात, कोणीतरी कडा कापतो आणि 'दुर्मिळ छायाचित्र' म्हणून पाठवतो. जितकं चांगलं जुळवाल तितका हा धोका जास्त. म्हणून ओळ कडेला नको, छातीवर, कापता येणार नाही अशी हवी. मुलाचं नाव, वर्ग हे मात्र पोस्टरवर टाकू दिलं नाही.

पोस्टर लागलं तेव्हा दोन मुलांनी विचारलं म्हणे, "भगतसिंगचा फेटा कुठे गेला?" नातवाने त्यांना काश्मिरी गेटच्या स्टुडिओची सगळी गोष्ट सांगितली. पिवळा फेटा घातला असता तर कोणी काही विचारलंच नसतं, आणि त्यालाही काही सांगावं लागलं नसतं.

पिवळं कापड वाया गेलं नाही. सूनबाईने त्याच्या उशांच्या खोळी शिवल्या. माझा जुना फोटो मी फाडलेला नाही. त्याच्या मागे पेनाने लिहून ठेवलंय: 'फेटा माझ्या आईचा, भगतसिंगांचा नव्हे.'