३८ टक्के म्हणजे नेमकं काय?

मे महिन्यात आपल्याकडे उन्हाळ्याबरोबर आणखी एक ताप येतो, तो म्हणजे प्रबंध जमा करायची तारीख. यंदा माझ्या आतेबहिणीचा एम.ए.चा लघुप्रबंध होता. विषय बडोदा संस्थानातलं प्राथमिक शिक्षण, लेखन मराठीतून. मार्गदर्शक बाईंनी तो सॉफ्टवेअरमधून तपासून घेतला आणि अहवाल परत आला: साम्य ३८ टक्के. तिचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "दादा, मी चोरी केली असं म्हणताहेत."

तसं कोणीच म्हणत नव्हतं. हे सॉफ्टवेअर चोरी ओळखत नाही, सारखे शब्द ओळखतं. तुमच्या मजकुराच्या चार-पाच, सात-आठ शब्दांच्या साखळ्या ते पाडतं, एकीवर एक चढलेल्या, म्हणजे पहिला ते पाचवा शब्द, मग दुसरा ते सहावा, अशा. प्रत्येक साखळीचा एक आकडा बनवतं आणि आपल्या साठ्यातल्या आकड्यांशी जुळवतं. साखळी किती लांब धरायची आणि आकडे कसे साठवायचे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, पण कल्पना हीच. जुळलेले शब्द भागिले एकूण शब्द म्हणजे तुमचे टक्के. मजकूर अवतरणचिन्हांत आहे का, खाली संदर्भ दिला आहे का, हे त्या भागाकाराला आपणहून कळत नाही.

म्हणून टक्क्यांवर अडकून न पडता तिला अहवालाची आतली पानं उघडायला सांगितली. तिथे प्रत्येक स्रोताला एक रंग आणि त्याचे वेगळे टक्के असतात. ३८ची फोड अशी निघाली: ८ टक्के तिच्या संदर्भसूचीचे, ५ टक्के अवतरणांचे, ७ टक्के तिच्याच जुन्या कच्च्या खर्ड्याचे आणि उरलेले १८ दुसऱ्या प्रकरणातले, चार पुस्तकांतून आलेले.

पहिल्या २० टक्क्यांसाठी एक अक्षरही पुन्हा लिहावं लागलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांतच सांगितलं आहे की साम्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, तसंच कायद्यांची नावं, रूढ संज्ञा आणि प्रमाण सूत्रं वगळायची. पण वगळण्याचं बटण मार्गदर्शकांच्या हातात असतं, विद्यार्थ्याच्या नाही, आणि ते दाबूनही कधी कधी काम होत नाही. तिच्या सूचीचा मथळा 'आधारग्रंथ' होता. सूची कुठे सुरू होते हे सॉफ्टवेअरला मथळ्यावरून कळतं, आणि हा मथळा त्याला ओळखता आला नाही. अवतरणांचं दुखणं आणखी बारीक. आपण मराठीत सर्रास एकेरी अवतरणचिन्हं वापरतो, आणि ती अनेकदा 'अवतरण' म्हणून धरली जात नाहीत. मथळा बदलला, चिन्हं दुहेरी केली, आणि १३ टक्के गेले. ओळखायची खूण सोपी आहे: वगळलेला भाग अहवालात रंगीत दिसत नाही. सूची अजून रंगीत असेल तर ती वगळली गेलेली नाही.

कच्च्या खर्ड्याचं असं झालं, की डिसेंबरमध्ये तो याच सॉफ्टवेअरमधून तपासला होता आणि तेव्हा साठ्यात जमा झाला होता. आता अंतिम प्रत स्वतःच्याच धाकट्या भावंडाशी जुळत होती. बाईंनी तो स्रोत अहवालातून काढून टाकला. खर्डा तपासायला देताना "साठ्यात ठेवू नका" एवढं सांगितलं तर ही वेळ येत नाही. (तोच मजकूर आधी दुसऱ्या परीक्षेसाठी गुण घेऊन वापरला असता तर गोष्ट वेगळी होती, तिथे तसं लिहून सांगावं लागतं.)

राहिले १८ टक्के. हे खरे होते.

वाचायला सोपं जावं म्हणून तिच्या प्रकरणातल्या एका जागेचा नमुना मी माझ्या शब्दांत बनवून देतो. समजा, पुस्तकात असं वाक्य आहे:

"सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्रायोगिक तत्त्वावर सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि तेथील अनुभव लक्षात घेऊन १९०६ साली ही योजना संपूर्ण संस्थानात लागू केली."

रात्री दोन तास बसून तिने पहिली दुरुस्ती केली ती अशी:

"महाराज सयाजीरावांनी सन १८९३ मध्ये अमरेली परिसरात प्रयोगादाखल अनिवार्य व विनामूल्य प्राथमिक शिक्षणाचा आरंभ केला व तिथला अनुभव विचारात घेऊन सन १९०६ मध्ये ही योजना सर्व संस्थानात अमलात आणली."

ही दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या हातून बहुधा निसटेल. मराठीत तर सहज निसटेल, कारण 'साली'चं 'मध्ये' केलं तरी साखळी तुटते. पण दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. क्रम तोच, जोड तोच, 'आणि'च्या जागी 'व'. जुन्या सदऱ्याची बटणं बदलली, सदरा दुसऱ्याचाच राहिला. इंग्रजीत याला 'पॅचरायटिंग' म्हणतात. रिबेका मूर हॉवर्ड या लेखनशिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी हा शब्द रूढ केला. त्यांचं म्हणणं मला पटतं: बहुतेक वेळा यामागे लबाडी नसते, विषय अजून पचलेला नसतो.

शब्दाला शब्द बदलण्यात आणखी एक धोका आहे. संज्ञा मोडतात. 'सक्तीचे शिक्षण' ही संज्ञा आहे, ती बदलून दुसऱ्या एका ठिकाणी तिने 'जबरदस्तीचे शिक्षण' केलं होतं. आपोआप पर्यायी शब्द घालणाऱ्या साधनांनी तर जगभर असे विनोद केले आहेत. शोधनिबंधांत 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल' झालेलं सापडलं, म्हणजे जवळजवळ 'छातीवरचं संकट'. अशा शब्दप्रयोगांवरून आता संशयास्पद निबंध हुडकून काढले जातात.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. पुस्तक मिटायचं आणि आधी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: ही माहिती माझ्या प्रकरणात कशासाठी हवी आहे? तिचा प्रबंध होता मुलींच्या हजेरीवर. तिला महाराजांची थोरवी सांगायची नव्हती. सक्ती एका दिवसात आली नाही, ती टप्प्याने आली, एवढंच तिला हवं होतं. मी म्हटलं, मग फक्त टिपणं काढ, वाक्यं नकोत. तिने वहीत लिहिलं: १८९३ अमरेली. १९०६ सगळं संस्थान. मध्ये १३ वर्षं. त्या टिपणांवरून, पुस्तक न उघडता, तिने लिहिलं:

"बडोदा संस्थानात शिक्षणाची सक्ती एकदम आली नाही. अमरेलीतला प्रयोग १८९३चा आणि सगळ्या संस्थानाला लागू झालेली योजना १९०६ची. अमरेलीत मुलींची हजेरी वाढली म्हणूनच हा विस्तार झाला."

आता पुस्तक उघडायचं. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. सालं बरोबर होती. तिसरं वाक्य मात्र पुस्तकात नव्हतंच. तिथे फक्त 'अनुभव लक्षात घेऊन' आहे. मुलींच्या हजेरीचं नावही नाही. ते तिच्या मनातलं अनुमान होतं, आणि खाली पुस्तकाचा संदर्भ टाकला असता तर ते लेखकाच्या तोंडी गेलं असतं. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर ही चूक कधीच पकडणार नाही, उलट तिला शून्य टक्के देईल. शेवटी मजकूर असा झाला:

"बडोदा संस्थानात शिक्षणाची सक्ती एकदम आली नाही. अमरेलीतला प्रयोग १८९३चा आणि सगळ्या संस्थानाला लागू झालेली योजना १९०६ची. विस्तार करताना अमरेलीचा अनुभव विचारात घेतला गेला (लेखक, साल, पान). त्या अनुभवात मुलींच्या हजेरीचा वाटा किती होता, हे पुढील प्रकरणात तपासले आहे."

संदर्भाचा कंस कुठे आहे पाहा. जिथवर पुस्तकाचं म्हणणं आहे तिथवर, आणि त्यानंतरचं वाक्य तिचं. परिच्छेदाच्या अगदी शेवटी एकच कंस टाकला तर कुठलं कोणाचं ते कळत नाही. शब्द आपले असले तरी माहिती घेतलेली आहे, म्हणून कंस लागतोच. 'सक्तीचे शिक्षण', 'संस्थान', 'अमरेली' हे शब्द पुन्हा जुळतील. जुळू द्यावेत.

"चौदा शब्दांपर्यंत चालतं ना?" हा तिचा प्रश्न, आणि मला तो बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळतो. त्याच नियमांत सलग १४ शब्दांपर्यंतची सामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळलेल्या संज्ञा सोडून द्यायचा उल्लेख आहे. तेरा शब्द उचलून चौदावा बदलायची ती परवानगी नाही. तसंच १० टक्क्यांचं. १० पर्यंत किरकोळ साम्य, त्यावर दंड नाही. १० ते ४० मध्ये ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. हे टप्पे वाचून पोरं ९.८ टक्क्यांवर थांबतात. पण चाळीस स्रोतांतून किरकोळ जुळून आलेले ९ टक्के निरुपद्रवी असू शकतात आणि एकाच पुस्तकातून आलेले ४ टक्के म्हणजे अख्खं पान असू शकतं. मी तिला एकूण आकड्याआधी प्रत्येक स्रोताचा आकडा बघायला लावला तो यासाठीच.

एक जागा सॉफ्टवेअरला जवळजवळ आंधळी आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यांना ती मोहात पाडते: इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद तसाच्या तसा भाषांतरित करणं. शब्द एकही जुळत नाही. पण क्रम, उदाहरणं, निष्कर्ष सगळं उसनं. तिच्या प्रकरणात असा एक परिच्छेद होता आणि अहवालात तो स्वच्छ पांढरा होता. तिने स्वतःच दाखवला. तिथे आम्ही "भाषांतर लेखिकेचे" अशी नोंद करून तो अवतरण म्हणून ठेवला, कारण त्या लेखकाची मांडणीच तिला तपासायची होती. मूळ शब्दांवरच बोलायचं असेल तेव्हा ते बदलू नयेत, अवतरणच द्यावं.

दुसरं प्रकरण असं पुन्हा लिहायला तिला नऊ दिवस लागले. दिवसाला तीन-चार परिच्छेद, त्याहून जास्त होत नाहीत. डोकं पुन्हा पुस्तकाच्या वाक्यांवर घसरतं. प्रकरण २२ पानांचं १७ झालं, कारण कशासाठी हवं या प्रश्नाला पाच पानांकडे उत्तरच नव्हतं. नवा अहवाल ७ टक्क्यांचा आला. त्यात होती खात्यांची आणि कायद्यांची नावं, महाविद्यालयाचा ठरावीक प्रमाणपत्राचा मजकूर आणि एका तक्त्याची शीर्षकं. "हे पण काढू का?" तिने विचारलं. नको म्हटलं, आणि बाईंनी त्याच दिवशी सही केली.