जाहिरात वाचताना आधी तारीख शोधा

भरतीची जाहिरात चाळीस-पन्नास पानांची पीडीएफ असते आणि आपल्याकडे ती बहुतेकांपर्यंत व्हॉट्सॲपवरच्या एका रंगीत चित्राच्या रूपात पोहोचते. पदं इतकी, वय इतकं, फी इतकी. चित्र बनवणाऱ्याने वयाची एकच ओळ दिलेली असते आणि ती वाचून किती तरी जण ‘आपलं वय गेलं’ म्हणून फॉर्मच भरत नाहीत. नांदेड-लातूरकडच्या मुलांनी तर हे चित्र बाजूला ठेवून मूळ जाहिरातच उघडावी. का, ते 2023 च्या तलाठी भरतीच्या उदाहरणाने सांगतो. ती भरती होऊन गेली, पदाचं नावही आता ग्राम महसूल अधिकारी झालं. पण पुढची जाहिरात आली की वाचायची रीत हीच.

त्या भरतीत राज्यभरात 4644 जागा होत्या. नांदेडला 119, लातूरला 63. अर्ज 26 जूनपासून सुरू झाले आणि वय मोजायची तारीख होती 17 जुलै 2023. चित्रावर छापलं होतं, ‘वय 18 ते 38, मागासवर्गीयांना 43’. ते चूक नव्हतं, अपुरं होतं. कारण सामान्य प्रशासन विभागाने 3 मार्च 2023 ला एक शासन निर्णय काढला होता. त्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत निघणाऱ्या सरळसेवेच्या जाहिरातींसाठी कमाल वयात दोन वर्षांची सूट दिली होती. म्हणजे खुल्या प्रवर्गाला 40 आणि मागासवर्गीयांना 45. ही सूट त्या मुदतीपुरती होती. गेल्या वेळी मिळाली म्हणून पुढच्या जाहिरातीत ती धरून चालू नका. तिथे शासन निर्णयाचा दिनांक दिलेला असतो, तो वाचा.

आता औसा तालुक्यातला एक उमेदवार धरू. किल्लारीकडचा, खुल्या प्रवर्गातला, जन्म 12 ऑगस्ट 1979 चा. 17 जुलै 2023 ला त्याचं वय भरतं 43 वर्षं 11 महिने 5 दिवस. 38 मध्ये बसत नाही, सूट धरून 40 मध्येही नाही. चित्र वाचून तो घरी बसला असता. पण जाहिरातीत पुढे भूकंपग्रस्त आणि प्रकल्पग्रस्तांसाठी वेगळी ओळ असते: कमाल वय सरसकट 45. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे ज्यांची घरं गेली, त्यांच्यासाठीची ही सवलत तीस वर्षांनंतरही चालू आहे. आपल्या भागातल्या माणसाने ही ओळ चुकवावी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मात्र नुसतं गाव भूकंपाच्या यादीत आहे म्हणून भागत नाही. प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा नोकरीसाठी लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो. पुष्कळ घरांत ते अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर, ट्रंकेत पडलेलं आहे. उमेदवाराने ते जिल्हाधिकारी कार्यालयातून स्वतःच्या नावावर करून घ्यावं लागतं आणि हे काम अर्जाच्या मुदतीत उरकेल अशा भरवशावर राहू नये. भाऊ-भाऊ असाल तर कोणी घ्यायचं ते आधी घरात बसून ठरवा. जाहिरात आल्यावर भांडण नको.

भूकंपग्रस्तांचं आरक्षण दोन टक्के. पण ते समांतर आहे, म्हणजे त्याचा वेगळा गठ्ठा नसतो. महिला, माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त यांच्या जागांसारख्याच या जागाही प्रत्येक प्रवर्गाच्या पोटात असतात. लातूरच्या 63 जागांचे दोन टक्के म्हणजे एखादीच जागा. ती कोणत्या प्रवर्गात पडली, हे जिल्ह्याच्या तक्त्यात दिसतं. ती इतर मागास प्रवर्गात असेल आणि तुम्ही खुल्यात असाल, तर ती तुमची नाही. म्हणून तक्ता वाचताना आधी आपल्या प्रवर्गाची ओळ धरा, मग तिच्यात आडवं सरका. नांदेडच्या पोरांनी आणखी एक बघावं. किनवटकडच्या अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे पेसाच्या जागा वेगळ्या असतात. त्या स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी असतात, त्या एकूण आकड्यात मोजून आपली आशा वाढवू नका.

आरक्षणाच्या कागदांत सगळ्यात जास्त गोंधळ नॉन-क्रीमीलेअरचा. इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास यांना ते लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी पूर्वी लागायचं, ती अट मे 2023 मध्ये गेली. ‘आमची बारा एकर आहे, सोयाबीनचं उत्पन्न धरलं तर आठ लाखांच्या वर जातं’ असं म्हणून काही जण ते काढायलाच जात नाहीत. नॉन-क्रीमीलेअरला शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. ईडब्ल्यूएसचं उलटं आहे. तिथे आठ लाखांत शेतीसकट सगळं मोजतात. शिवाय दुसऱ्या कोणत्याही आरक्षणात बसणाऱ्याला ईडब्ल्यूएस मिळत नाही. 2023 मध्ये मराठा उमेदवार खुल्यात नाहीतर ईडब्ल्यूएसमधून होते. फेब्रुवारी 2024 पासून एसईबीसीचं दहा टक्के आलं. ज्यांच्या घरी निजामकाळातल्या नोंदीवरून कुणबी दाखला निघाला, त्यांचा रस्ता आणखी वेगळा. तेव्हा मोठ्या भावाचा जुना फॉर्म बघून स्वतःचा प्रवर्ग भरू नका. आणि प्रमाणपत्रावरची ‘वैध’ तारीख अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत पोहोचते का, ते बोट ठेवून बघा. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला 31 मार्चला संपणारा असतो, भरत्या बहुधा त्यानंतर निघतात.

शिक्षणाची अट सोपी होती. कोणत्याही शाखेची पदवी. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायचा असेल तर तुम्ही पदवीधर नाही, परीक्षा कितीही चांगली गेली असू द्या. संगणकाचं प्रमाणपत्र, म्हणजे एमएस-सीआयटी, नसेल तरी अर्ज करता येत होता. नेमणुकीनंतर दोन वर्षांत ते मिळवायचं होतं. ते आधी नाही म्हणून माघार घेतलेलेही मी पाहिले आहेत.

फी खुल्यांना 1000 आणि राखीव प्रवर्गांना 900 रुपये होती. बेरोजगाराकडून हजार रुपये घ्यायचे आणि सवलत शंभराची, हे मला पटलेलं नाही. राज्यभरातून दहा लाखांवर अर्ज आले होते, हिशेब तुम्हीच करा. पण भरायची तर नीट भरा. खात्यातून पैसे कापले गेले म्हणजे अर्ज गेला असं नाही. पुन्हा लॉगिन करून शुल्क जमा झाल्याची नोंद बघा आणि प्रिंट काढूनच केंद्रातून उठा. फी परत मिळत नाही. आणि अर्ज एकाच जिल्ह्यासाठी करता येत होता. 119 जागा बघून नांदेड धरायचं की 63 वाल्या लातूरच्या तक्त्यात आपल्या प्रवर्गाची जागा आहे म्हणून तिकडे जायचं, हे फी भरायच्या आधी ठरवावं लागत होतं. एकदा नांदेड भरलं की लातूर गेलं.