फोनवर दिलेला शब्द कागदावर

चालू खात्यावर पडणाऱ्या आकारांपैकी सर्वांत चिवट आकार कोणता, असे मला कोणी विचारले तर मी परत केलेल्या स्वाइप मशीनच्या भाड्याचे नाव घेईन. मशीन दुकानातून जाते, पावती गल्ल्याच्या खणात पडून राहते आणि भाडे मात्र दरमहा वजा होत राहते. रक्कम लहान असल्यामुळे दोन-तीन महिने तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. मग कधीतरी खातेउतारा ताळून पाहताना ते ध्यानात येते, कस्टमर केअरला फोन होतो, पलीकडून गोड आश्वासन मिळते आणि पुढील महिन्यात भाडे पुन्हा वजा होते. पुन्हा फोन करावा तर तो दुसराच प्रतिनिधी उचलतो, आणि त्याला आधीच्या बोलण्याची गंधवार्ताही नसते.

असे का होते, हे बँकेच्या आत बसलेल्या माणसाला ठाऊक असते. वीस मिनिटांच्या संभाषणाची बँकेच्या संगणकात राहणारी नोंद बहुधा एका ओळीची असते: ‘ग्राहकाने भाड्याबद्दल विचारणा केली, माहिती दिली.’ सात दिवसांत पैसे परत करण्याचा शब्द त्या ओळीत उतरतोच असे नाही. तो शब्द राहतो बँकेच्या ध्वनिमुद्रणात, आणि आपण केले असेल तर आपल्या. बँकेचे ध्वनिमुद्रण आपल्या हाती सहज येत नाही. शिवाय ते काही कायमचे जपले जात नाही. म्हणून आपले असावे.

माझ्या परिचयातील एका होजिअरी दुकानदाराचे सन २०२५ मधील प्रकरण पाहू. त्यांनी २८ मार्चला मशीन परत केले व नेणाऱ्या माणसाकडून सहीची पावती घेतली. त्यानंतरही ५ एप्रिल, ५ मे, ५ जून आणि ५ जुलै अशा चारही तारखांना ५९० रुपये वजा झाले. भाडे ५००, त्यावर १८ टक्क्यांनी वस्तू व सेवा कर ९०. जूनमध्ये त्यांनी एक फोन केला होता, ‘पुढच्या महिन्यापासून येणार नाही’ असे उत्तरही मिळाले होते; परंतु त्या फोनचे रेकॉर्डिंग नव्हते आणि तक्रार क्रमांकही घेतलेला नव्हता. त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. सोमवार, ७ जुलैला केलेला दुसरा फोन मात्र त्यांच्या पुतण्याने नीट तयारी करून लावला.

तयारी म्हणजे काय, तर पावती, खातेउतारा आणि कोरा कागद समोर. फोन लावला तो बँकेच्या पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर. इंटरनेटवर शोधून सापडलेला क्रमांक लावू नये, कारण तेथे भामटेच ‘कस्टमर केअर’ म्हणून बसलेले असतात. आजकालच्या बऱ्याच मोबाइलमध्ये संभाषण रेकॉर्ड करण्याची सोय असते आणि ती सुरू करताच दोघांनाही तशी सूचना ऐकू येते. ज्यांच्या फोनमध्ये ती नाही, त्यांनी फोन स्पीकरवर ठेवून घरातील दुसऱ्या मोबाइलवर आवाज टिपावा आणि समोरच्यास तसे सांगावे. बँक आपला आवाज टिपते तेव्हा सांगून टिपते. आपणही सांगूनच टिपावा. एखादा प्रतिनिधी त्यावर बोलण्यास नकार देतो. तेव्हा वाद न घालता रेकॉर्डिंग थांबवावे, बोलणे ऐकत कागदावर टिपावे आणि फोन ठेवल्यावर लगेच बँकेला ईमेल लिहावा की, आज अमुक वाजता आपल्या प्रतिनिधीने मला असे असे सांगितले. त्याच दिवशीच्या अशा ईमेलचे वजनही कमी नसते.

पुतण्याने बोलण्याच्या आरंभीच तारीख आणि वेळ उच्चारली. ही बारीक गोष्ट मला फार आवडली. फाइल एका फोनमधून दुसरीकडे पाठवताना तिचे नाव आणि तारीख बदलू शकते. आवाजात उच्चारलेली तारीख बदलत नाही. मूळ फाइल मूळ फोनमध्येच, काटछाट न करता ठेवावी. ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये, कारण ओळख पटवताना सांगितलेली जन्मतारीख आणि खात्याचे आकडे तीत असतात. ओटीपी मात्र कोणत्याही फोनवर बोलून सांगायचा नसतो, रेकॉर्डिंग असो वा नसो.

आता खरा भाग. प्रतिनिधी हिंदीत बोलत होता. प्रथम तो म्हणाला, ‘सर, सिस्टिम में क्लोजर रिक्वेस्ट दिख नहीं रही है.’ मग म्हणाला, ‘मैं रिवर्सल के लिए ट्राय करता हूँ.’ येथे पुष्कळ लोक धन्यवाद म्हणून फोन ठेवतात. ‘ट्राय करता हूँ’ हे आश्वासन नव्हे. तक्रारीत त्याची किंमत काहीच नाही. पुतण्याने शांतपणे विचारले की रक्कम किती, कोणत्या महिन्यांची, किती दिवसांत आणि सर्व्हिस रिक्वेस्टचा क्रमांक काय. उत्तर आले: ‘चारों महीने का, सात वर्किंग डेज में आ जाएगा.’ मग फोन ठेवण्यापूर्वी त्याने सगळे पुन्हा आपल्या तोंडाने म्हणून दाखवले: चार महिन्यांचे २,३६० रुपये, सात कामकाजाचे दिवस, मशीन आजपासून बंद, क्रमांक अमुक, बरोबर? पलीकडून ‘हाँ जी सर, करेक्ट’ आले. चौदा मिनिटांच्या त्या रेकॉर्डिंगमधील ही शेवटची चाळीस सेकंदे म्हणजे सगळे प्रकरण होय.

सात कामकाजाचे दिवस म्हणजे कोणता दिवस, हेही तेव्हाच मोजून ठेवावे. १२ जुलै हा दुसरा शनिवार आणि १३ ला रविवार, म्हणून मुदत बुधवार, १६ जुलैला संपत होती. त्या दिवशी काहीही जमा झाले नाही. २१ जुलैला केवळ ५९० रुपये जमा झाले आणि ‘आपली विनंती निकाली काढली आहे’ असा संदेश आला. ५ ऑगस्टला पाचवे भाडे वजा झाले. अनेक ग्राहक येथेच थकतात. संगणकाच्या दृष्टीने तक्रार बंद झालेली असते, आणि नवा फोन केला तर नव्या क्रमांकाने सगळे पहिल्यापासून सुरू होते.

म्हणून नवा फोन न करता दुकानदारांनी माझ्या सांगण्यावरून टिपण लिहिले. संपूर्ण संभाषण उतरवून काढण्याची गरज नसते. तक्रार विभागातील अधिकाऱ्याला तेवढे वाचण्यास सवड नसते, मलाही नसे. रेकॉर्डिंग दोनदा ऐकावे, कामाची तीन-चार वाक्ये जशी बोलली गेली तशीच, त्याच भाषेत लिहावीत आणि प्रत्येकापुढे ते किती मिनिटे-सेकंदांवर आहे ते मांडावे. आपला संताप, आपली जुनी निष्ठा, आपले तीस वर्षांचे खाते, हे सारे टिपणाबाहेर. ७ ऑगस्टला बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास ईमेलने गेलेले ते टिपण असे होते:

‘विषय: परत केलेल्या स्वाइप मशीनचे भाडे, सर्व्हिस रिक्वेस्ट क्रमांक (...).

मशीन २८ मार्च २०२५ रोजी परत केले. पावती जोडली आहे. त्यानंतर ५ एप्रिल, ५ मे, ५ जून, ५ जुलै व ५ ऑगस्ट रोजी प्रत्येकी ५९० रुपये, एकूण २,९५० रुपये वजा झाले. खातेउतारा जोडला आहे.

दि. ७ जुलै रोजी सकाळी ११.२० वाजता आपल्या प्रतिनिधीने फोनवर पुढीलप्रमाणे सांगितले. (१२ मि. ५० से.) “चारों महीने का, सात वर्किंग डेज में आ जाएगा.” (१३ मि. ४० से.) रक्कम २,३६० रुपये आणि मशीन त्याच दिवसापासून बंद, यास “हाँ जी सर, करेक्ट” असे उत्तर दिले.

ही मुदत १६ जुलैला संपली. २१ जुलैला फक्त ५९० रुपये जमा झाले व विनंती बंद केल्याचा संदेश आला. ही रक्कम पूर्ण भरपाई म्हणून आम्ही स्वीकारलेली नाही.

मागणी: उरलेले २,३६० रुपये जमा करावेत, भाडे थांबल्याचे लेखी कळवावे, परत केलेल्या सर्व आकारांची क्रेडिट नोट द्यावी. आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे. आपल्याकडील ७ जुलैचे ध्वनिमुद्रणही या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवावे.’

यातील दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. आश्वासन चार महिन्यांचे होते, मागणी पाच महिन्यांची आहे. पाचव्या भाड्याचा आधार परत केल्याची पावती आणि मशीन बंद केल्याचा शब्द हा आहे. दोन्ही वेगळे ठेवले म्हणून ‘आम्ही इतके कबूल केले नव्हते’ असे म्हणण्यास जागा उरली नाही. दुसरी गोष्ट, रेकॉर्डिंगची फाइल सोबत जोडली नाही. ती आहे एवढे सांगितले. मागितली तर द्यायची.

ईमेलची तारीख महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना २०२१ पासून लागू झाली. बँकेने तक्रार फेटाळली, तिचे उत्तर समाधानकारक वाटले नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तर लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क जाता येते. आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा मात्र हवा, आणि त्यासाठी पोच असलेला ईमेल फोनपेक्षा कितीतरी सोयीचा. येथे ३० दिवस ६ सप्टेंबरला पुरे होत होते. लोकपालाकडे वकील लागत नाही. हेच टिपण आणि ‘उत्तर आले नाही’ ही एक ओळ पुरते. पण एक मर्यादा ओळखून असावे. भाडे ५०० रुपये का, ३०० का नाही, हा बँकेचा व्यापारी निर्णय आहे आणि लोकपाल त्यात पडत नाहीत. मशीन परत घेऊनही भाडे लावणे ही सेवेतील त्रुटी आहे, आणि तिची दाद लागते. टिपणात दर महाग असल्याची कुरकुर मिसळली, की उत्तर देणाऱ्यास तेवढ्याच भागाचे उत्तर देऊन मोकळे होता येते.

प्रकरण लोकपालापर्यंत गेले नाही. २९ ऑगस्टला २,३६० रुपये जमा झाले आणि सप्टेंबरच्या पाच तारखेला भाडे आले नाही. क्रेडिट नोटेसाठी मात्र आणखी दोन ईमेल लिहावे लागले. दुकानदारांनी त्या भाड्यावरील कराची, महिन्याला ९० प्रमाणे ४५० रुपयांची वजावट घेतलेली होती. पैसे परत आल्यावर ती वजावट उलटवणे भाग होते आणि त्यासाठी त्यांच्या सनदी लेखापालांना कागद हवा होता. तो २२ सप्टेंबरला आला.