अकरावीच्या पाठातील गोगलगाय



आपल्या मुलांचे पाठ्यपुस्तक हाती आले की आपण बहुधा एकच गोष्ट पाहतो : त्यात बाबासाहेबांचे नाव आहे की नाही. नाव दिसले की आपले समाधान होते. परंतु नाव असणे आणि न्याय असणे या दोन भिन्न गोष्टी होत. न्याय झाला की नाही हे पाहावयाचे असेल, तर न्यायालयात साक्षीदाराची तपासणी होते तशी पाठाचीही झाली पाहिजे. ती कशी करावी हे एका प्रत्यक्ष पाठावरून आपणांपुढे मांडतो.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००६ साली अकरावीसाठी राज्यघटनेवर एक पुस्तक काढले. आपल्याकडील केंद्रीय विद्यालयांतून परिषदेची पुस्तके शिकवितात. त्याच्या पहिल्याच पाठात शंकर यांचे एक व्यंगचित्र छापले होते. 'घटना' हे नाव धारण करणारी गोगलगाय, तिच्यावर हातात चाबूक घेऊन बसलेले बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू, आणि पलीकडे पाहणारा जनसमुदाय. चित्राखाली विद्यार्थ्यांस विचारले होते की, घटना समितीने इतका वेळ का लावला असेल? मे २०१२ मध्ये संसदेत याविरुद्ध संतप्त आवाज उठला. योगेंद्र यादव व सुहास पळशीकर या दोघा मुख्य सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि पुण्यात पळशीकरांच्या विद्यापीठातील कचेरीची मोडतोडही झाली. पुढे चित्र वगळण्यात आले. या सर्व गदारोळात पाठ मात्र फारच थोड्यांनी वाचला.

प्रथम मजकुराचा खरेपणा पाहू. घटना समिती प्रौढ मताधिकाराने निवडलेली नव्हती, हे पाठ लपवीत नाही. काँग्रेस व गांधीजी यांनी अस्पृश्यांसाठी पुरेसे केले नाही, अशी कडवी टीका बाबासाहेब करीत असत, हेही तो सांगतो. समितीच्या बैठका १६६ दिवस चालल्याचे तो नमूद करतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी १६५ दिवस सांगितले होते. एका दिवसाचा हा फरक क्षुल्लक आहे. समितीतील चर्चा खुली आणि युक्तिवादावर आधारलेली होती, हा पाठाचा मुख्य सिद्धान्तही बरोबर आहे. तेव्हा मजकूर या कसोटीस उतरतो, असे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

भाषेविषयी तसे म्हणता येत नाही. पाठाचा आरंभ सुगम आहे : परस्परांहून भिन्न मतांच्या माणसांनी एकत्र राहावयाचे, तर त्यांना काही समान नियम लागतात, येथून तो सुरू होतो. पुढे मात्र 'मोड ऑफ प्रोमल्गेशन', 'बॅलन्स्ड इन्स्टिट्यूशनल डिझाइन' असे मथळे येतात. पहिल्याचा अर्थ एवढाच की, घटना कोणी आणि कोणत्या रीतीने अमलात आणली. दुसऱ्याचा अर्थ, सत्ता अशी विभागलेली की कोणा एकास घटना मोडता येऊ नये. ज्या घरात इंग्रजी वाचणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथील मुलगी या मथळ्याशीच अडखळते आणि आशयापर्यंत पोहोचत नाही.

आता चित्राकडे वळू. चित्र हेही एक विधान असते, आणि विधानास पुरावा लागतो. हे चित्र २८ ऑगस्ट १९४९ चे. त्या वेळी काम कोठे होते? मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमली गेली. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा लोकांपुढे आला. १५ नोव्हेंबर १९४८ पासून घटना समिती त्यावर कलमवार विचार करीत होती, आणि तो विचार १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संपला. म्हणजे चित्र निघाले तेव्हा मसुदा सभागृहाच्या हाती होता, केवळ अध्यक्षांच्या नव्हे. मग गोगलगाईवर एकट्या बाबासाहेबांनाच बसविणे कितपत न्याय्य?

तशात ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी त्याच सभागृहात सांगितले होते की, मसुदा समितीच्या सात सभासदांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी, कोणी राज्यकारभारात गुंतलेले. त्यामुळे शेवटी सारा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. आणि विलंबाच्या आरोपास बाबासाहेबांनी स्वतःच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी आकड्यांनी उत्तर दिले. अमेरिकेची घटना चार महिन्यांत झाली, पण तिची कलमे सात. ऑस्ट्रेलियाची १२८ कलमांची, आणि तिला नऊ वर्षे लागली. आपली ३९५ कलमांची. सूचना आल्या ७६३५, त्यांपैकी सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या २४७३. आरोपाचे चित्र छापावयाचे, तर आरोपीचे हे उत्तर त्याच पानावर छापले पाहिजे होते. दोष चित्र छापण्यात नव्हे, ते एकतर्फी छापण्यात होता.

अखेर स्वाध्याय. यांतील काही उत्तम आहेत. घटना समिती सर्व नागरिकांनी निवडलेली नसल्याने ती लोकांची प्रतिनिधीच नव्हती, हे अनुमान बरोबर की चूक, ते कारणांसह सांगावयाचे आहे. पाठांतराने याचे उत्तर देता येत नाही. परंतु चित्राखालील प्रश्न या दर्जाचा नाही. 'इतका वेळ का लावला' असे विचारताना, वेळ अधिक लागला हे आधीच गृहीत धरलेले असते. न्यायालयात आम्ही अशा प्रश्नास सूचक प्रश्न म्हणतो, आणि आपल्याच साक्षीदारास तो विचारू दिला जात नाही.

याऐवजी प्रश्न असा हवा होता : मसुद्यावरील चर्चेस ११४ दिवस लागले आणि २४७३ सूचना मांडल्या गेल्या, तर दिवसास सरासरी किती? उत्तर येते एकवीस ते बावीस. ही गती गोगलगाईची आहे काय? सोळा वर्षांच्या मुलास हा भागाकार करता येतो, आणि एकदा तो केला की व्यंगचित्राचे उत्तर त्याचे त्यालाच सापडते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. वर्गात भोवतालची मुले हसत असता ते चित्र पाहणाऱ्या आपल्या मुलाची वेदना खरी होती. परंतु कचेरी मोडल्याने ती शमली नाही, आणि चित्र कापल्याने त्याला उत्तर मिळाले नाही. चित्र गेले, तरी बाबासाहेबांनी विलंब केला हा समज त्याबरोबर जात नाही. तो आकड्यांनीच खोडावा लागतो. आज रात्री आपल्या मुलाबरोबर बसा, घटनेविषयीचा पाठ उघडा, आणि वरील आकडे त्यात आहेत की नाहीत ते पाहा. नसतील तर त्याच्या वहीत लिहून द्या, आणि भागाकार त्यालाच करू द्या.