रस्ता रुंद झाला, खिडकी तेवढीच राहिली

नॅशनल नॉलेज नेटवर्कची जोडणी वाढली किंवा नवी समुद्री केबल किनाऱ्याला लागली, की बातमीत एकच आकडा झळकतो: इतके गिगाबिट. पाठोपाठ ठरलेले वाक्य येते, आता शास्त्रज्ञांची विदा दहापट वेगाने पोहोचेल. या वाक्यात एक राशी गाळलेली आहे, आणि ती गाळली की निष्कर्ष कोसळतो. ती राशी म्हणजे काळ.

टीसीपीने विदा पाठवणारा संगणक सगळी फाइल एका दमात सोडत नाही. पलीकडून पोच येण्यापूर्वी किती बाइट वाटेवर असू द्यायचे, याची मर्यादा असते, तीच खिडकी. पोच येत जाते तशी खिडकी पुढे सरकते आणि नव्या बाइटना वाट मिळते. म्हणजे जाऊन-येऊन लागणाऱ्या एका फेरीच्या काळात फार तर एक खिडकीभर विदा जाते. वेग म्हणजे खिडकी भागिले फेरीचा काळ. या भागाकारात केबलची क्षमता कुठेही नाही. ती केवळ वरची मर्यादा आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सर्नच्या सीएमएस प्रयोगाचे विदाकेंद्र आहे, म्हणून उदाहरण मुंबई ते जिनिव्हाचे घेऊ. सरळ अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. काचतंतूत प्रकाश सेकंदाला जवळपास दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे आदर्श सरळ रेषेतही फेरीला ६७ मिलिसेकंद लागणारच. केबल समुद्रातून वळसे घेत जाते. म्हणून १५० मिलिसेकंद धरू. जोडणी १० गिगाबिटची असेल, तर १० गिगाबिट गुणिले ०.१५ सेकंद, म्हणजे दीड गिगाबिट, अर्थात सुमारे १८८ मेगाबाइट. हा बँडविड्थ आणि विलंब यांचा गुणाकार. नळी भरलेली ठेवायची तर इतकी विदा सतत वाटेवर हवी.

प्रत्यक्षात किती असते? लिनक्सवर पाठवणाऱ्या बाजूच्या बफरची मूळ कमाल मर्यादा सामान्यतः ४ मेगाबाइट असते. बफर आपोआप वाढतो हे खरे, पण त्या छतापर्यंतच. ती सगळी जागा विदेलाच मिळाली असे उदारपणे मानले, तरी वेग सुमारे २२४ मेगाबिट, म्हणजे क्षमतेच्या सव्वादोन टक्के. एक टेराबाइटला दहा तास लागतात. नळी पूर्ण भरली असती, तर तेरा-चौदा मिनिटे पुरली असती. आता जोडणी १०० गिगाबिटची करा. तेच दहा तास. पैसा गेला, मथळा छापला, विदा जिथल्या तिथे.

जुन्या उणिवेचा फटका याहून मोठा. टीसीपीच्या मूळ रचनेत खिडकीचा आकडा १६ बिटांचा, म्हणजे कमाल ६५,५३५ बाइट. तो वाढवणारे गुणक १९९२ च्या आरएफसी १३२३ ने प्रमाणित केले. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने ते गुणक पुसून टाकले, तर याच मार्गावर वेग साडेतीन मेगाबिटवर अडतो.

‘पण वेगचाचणीत तर पूर्ण गिगाबिट दिसतात,’ असा प्रतिवाद होतो. ती चाचणी बहुधा जवळच्या सर्व्हरशी आणि अनेक समांतर जोडण्यांनी होते. फेरी ५ मिलिसेकंदांची असेल, तर तीच ४ मेगाबाइटची खिडकी सुमारे ६.७ गिगाबिट देते. जवळ वेगवान आणि दूर संथ, हीच अपुऱ्या खिडकीची खूण. पुरावा हवा असेल, तर विदा जात असताना पाठवणाऱ्या संगणकावर `ss -ti` चालवावे: `sndbuf_limited` दिसले तर आपला बफर तोकडा, `rwnd_limited` दिसले तर पलीकडच्याचा.

मात्र खिडकी हा रामबाण नाही. गुणाकाराहून ती फार मोठी केली, तर वेग वाढत नाही. जादा विदा वाटेतल्या रांगेत साचते आणि विलंब वाढतो. आणि मार्गावर पॅकेट गळत असतील, तर गर्दीनियंत्रण खिडकी पुन्हा पुन्हा आकसते. तेव्हा बफर वाढवण्याआधी गळती शोधावी लागते. समांतर जोडण्या उपयोगी पडतात, पण इथे ४ मेगाबाइटच्या ४५ खिडक्या लागतील.

तेव्हा जोडणीच्या प्रस्तावात क्षमतेशेजारी आणखी दोन आकडे अनिवार्य हवेत: दूरच्या भागीदारापर्यंत मोजलेला फेरीचा काळ आणि दोन्ही टोकांच्या बफरची मर्यादा. पहिल्याला क्षमतेने गुणले आणि उत्तर दुसऱ्याहून मोठे निघाले, तर नवी केबल मागण्याआधी दोन सर्व्हरवरच्या दोन ओळी बदलाव्यात. त्यासाठी निविदा लागत नाही.