विशेषणं कापा, प्रसंग राखा

पुण्यामुंबईच्या रुग्णालयांत केरळच्या कितीतरी परिचारिका काम करतात. बरं होऊन घरी आलेल्या रुग्णाला वाटतं, या मुलीच्या आईला दोन शब्द कळवावेत. लिहायला बसलं की तीन पानं होतात. आईला फक्त मल्याळम वाचता येतं आणि भाषांतर करून देणारा ओळखीचा माणूस म्हणतो, "जरा थोडक्यात द्या." मग आपण कात्री चालवतो आणि नेमकं जे ठेवायला हवं तेच कापतो. म्हणून एक कळकळीची विनंती आहे. मजकूर कमी करताना विशेषणं जाऊ द्या, प्रसंग मात्र राखा.

समजा, खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींनी असं पत्र लिहिलं. पहिलं पान क्षेमकुशल आणि आजारपणाचं. दुसऱ्यावर, 'तुमच्या लेकीनं मला नवा जन्म दिला, तिचे उपकार फिटणार नाहीत, ती साक्षात देवी आहे, तुमची कूस धन्य झाली.' त्यातच एक वाक्य, 'परवा रात्री त्यांनी ड्यूटी संपल्यावरही थांबून माझी वेणी घातली.' शेवटी घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

घाईत कापलेला मजकूर बहुधा असा होतो: 'तुमच्या लेकीचे उपकार आम्ही विसरणार नाही. ती देवी आहे. तुमची कूस धन्य झाली.' याचं भाषांतर बिनचूक झालं, तरी त्या आईला तिची मुलगी त्यात दिसणार नाही. ही वाक्यं कुठल्याही परिचारिकेला लागू पडतात.

त्याऐवजी संपूर्ण पत्र आधी मनमोकळेपणानं लिहून काढा. दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन बसा आणि दुसऱ्या कुणालाही लिहिता आली नसती अशीच वाक्यं अधोरेखित करा. आजींच्या पत्रात असं वाक्य एकच निघेल, वेणीचं. मग स्वतःला विचारा, त्या क्षणी मला काय वाटलं? आणि हे मी हिच्या आईला का सांगते आहे? उत्तरं जोडली की मजकूर तयार होतो:

'तुमची मुलगी काम करते त्या वॉर्डात मी रुग्ण होते. खुब्याचं हाड मोडल्यामुळे मला उठता येत नव्हतं. एका रात्री तुमची मुलगी ड्यूटी संपल्यावरही थांबली. तिनं माझे केस विंचरले आणि वेणी घातली. माझी आई गेल्यापासून माझी वेणी कुणी घातली नव्हती. मुलीला हे तुम्ही शिकवलंत, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.'

यात 'उपकार' नाही, 'देवी' नाही, तरी काहीच कमी झालेलं नाही. वेणी केरळातही घालतात आणि आई गेल्याचं दुःख तिथेही तेच असतं. घडलेली गोष्ट भाषा ओलांडून सहज जाते. 'कूस धन्य झाली' मात्र शब्दशः गेलं तर विचित्र वाटतं, आणि अर्थ सांगून गेलं तर कोरडं होतं.

भाषांतराला देण्याआधी दोन जागा तपासा. पहिली, 'त्यांनी'. मराठीत आदरार्थी एक माणूसही 'त्यांनी' आणि चार माणसंही 'त्यांनी'. बाई की पुरुष, तेही कळत नाही. तिथे 'तुमच्या मुलीनं' असं स्पष्ट लिहा. दुसरी, 'परवा'. आपण गेलेल्या आणि येणाऱ्या दोन्ही दिवसांना परवा म्हणतो. मल्याळममध्ये त्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. शिवाय पत्र पोचेपर्यंत तो परवा राहणारही नाही. 'एका रात्री' म्हणा किंवा तारीख घाला.

भाषांतर हातात आलं की मूळ मराठी न वाचलेल्या, मल्याळम जाणणाऱ्या एखाद्याला ते दाखवा आणि विचारा, "यात काय लिहिलंय?" त्यानं ड्यूटी संपणं, वेणी आणि आजींची आई या तिन्ही गोष्टी सांगितल्या, तर मजकूर पोचला. तो नुसतंच "फार छान आभार मानलेत" म्हणाला, तर कुठेतरी प्रसंग गळला आहे. ते वाक्य भाषांतरकारासोबत पुन्हा बघा.

ही कात्री माफीच्या पत्राला मात्र जपून लावा. आभाराच्या पत्रात दुसऱ्यानं काय केलं ते राखायचं असतं, माफीच्या पत्रात आपण काय केलं ते. 'काही चुकलं असेल तर क्षमा करा' एवढंच उरलं, तर समोरच्याला वाटतं, याला आपली चूकच कळलेली नाही. तिथे कापायची असतात ती कारणं आणि सबबी.

आणि तीन पानांचं मूळ पत्र फाडू नका. मल्याळममधल्या त्या ओळींसोबत तेही पाकिटात घाला. आईला ते वाचता येणार नाही, पण सुट्टीत घरी आलेली मुलगी तिला ते वाचून दाखवू शकेल.