एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून गेले

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या खाला घाटकोपर स्टेशनजवळच्या एटीएमवर दहा हजार रुपये काढायला गेल्या. यंत्र घरघरले, नोटा आल्या नाहीत आणि मोबाइलवर मात्र पैसे वजा झाल्याचा संदेश आला. त्या घाबरून थेट घरी परतल्या.

अशा वेळी लगेच निघू नये. पडदा पुन्हा पहिल्यासारखा होईपर्यंत थांबावे. नोटा उशिरा बाहेर आल्या तर मागच्या माणसाच्या हाती लागतात. पावती निघाली तर जपून ठेवावी. तिच्यावर तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि व्यवहार क्रमांक असतो. पावती नसेल तर मोबाइलमधला संदेश ठेवावा आणि यंत्रावर क्रमांक लिहिलेला असेल तर त्याचा फोटो घ्यावा. खालांकडे संदेश होता. यंत्राचा क्रमांक त्यांच्या मुलाने परत जाऊन टिपून आणला.

यंत्र दुसऱ्या बँकेचे असले तरी तक्रार आपले खाते असलेल्या बँकेकडेच करायची. खालांनी असा अर्ज दिला:

‘दि. ३ रोजी सायंकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी घाटकोपर पश्चिम येथील एटीएमवर (यंत्र क्रमांक व व्यवहार क्रमांक सोबत) १०,००० रुपये काढताना नोटा मिळाल्या नाहीत, पण रक्कम खात्यातून वजा झाली. कृपया यंत्राची व्यवहार नोंद व रोकड ताळेबंद तपासून रक्कम परत जमा करावी.’

ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. नोटा बाहेर पडल्या नसतील तर यंत्रातली रोकड हिशेबापेक्षा तेवढीच जास्त भरते. ‘व्यवहार यशस्वी’ एवढेच उत्तर आले, तर याच नोंदींची प्रत आणि त्या वेळचे कॅमेऱ्याचे चित्रण लेखी मागावे. अर्जाचा तक्रार क्रमांक घ्यायला विसरू नये.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने रक्कम परत जमा करायची असते. हे दिवस कॅलेंडरचे. सुट्ट्याही त्यात मोजतात. पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही न मागता. खालांची मुदत ८ तारखेला संपली, पैसे १४ ला आले. म्हणजे सहा दिवसांचे सहाशे रुपये. ते जमा झाले नव्हते. दुसरा अर्ज दिल्यावर झाले.

बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते.

एक खबरदारी मात्र घ्या. एटीएममध्ये कोणी चिकटवलेल्या ‘हेल्पलाइन’ नंबरवर फोन करू नका. नंबर कार्डाच्या मागचाच घ्या. पैसे परत करण्यासाठी बँकेला तुमचा पिन किंवा ओटीपी कधीच लागत नाही.